एवढं टाईप करायला ताकद होती ना?

आज वीस तारीख. हिशेबाच्या धंद्यातल्या लोकांना पुढचं सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी एवढंच, की महिन्याचं जीएसटीचं रिटर्न, म्हणजे थ्री-बी, भरायची आज शेवटची तारीख असते आणि आमच्या ऑफिसात आज कोणी कोणाशी धड बोलत नाही. नेमकं आजच माझ्या टीममधली सगळ्यात लहान पोरगी तापाने घरी राहिली. सकाळी सव्वासातच्या सुमारास तिचा मेसेज आला. इतका चोख मेसेज होता की मी तो कौतुकाने शेजारच्या टीमच्या लीडला दाखवला. म्हटलं, बघ, तुझ्या पोरांना असं लिहायला शिकव. त्याने अंगठ्याने वर-खाली केलं, मोबाईल परत दिला आणि म्हणाला, "एवढं टाईप करायला ताकद होती ना? मग आलीच असती बे."

बाजूचे तिघे-चौघे हसले पण.

तेव्हा काही बोललो नाही, कारण तिची तिन्ही कामं माझ्या टेबलावर होती. आता रात्रीचे साडेनऊ वाजलेत, तिन्ही फाईल झालेत, जेवण झालंय. आता बोलतो.

आधी तो मेसेज वाचा. व्यापाऱ्यांची नावं मी काढलीत, बाकी जसाच्या तसा आहे.

"सर, रात्रीपासून ताप आहे, आज येऊ शकत नाही. माझ्याकडच्या तीन थ्री-बी आज भरायच्या बाकी आहेत.

इतवारीवाले काका: चलान भरलंय, सगळं सेव्ह आहे, फक्त फाईल करायचं. ओटीपी काकांच्याच मोबाईलवर जातो. ते साडेबाराला जेवायला घरी जातात, मग फोन उचलत नाहीत. त्याआधी करा.

बुटीबोरीची कंपनी: चलान तयार आहे, पैसे भरायचे आहेत. त्यांच्या अकाउंटंटला काल सांगितलंय, आज पुन्हा आठवण द्या. डीएससीचं टोकन परवा त्यांच्या माणसाने आणून दिलं, रिसेप्शनच्या कपाटात पाकिटात आहे. पिन त्यांच्याच अकाउंटंटकडे. टोकन माझ्याच कॉम्प्युटरवर चालेल, बाकीच्यांवर एमसायनर टाकलेलं नाही.

कळमन्याचे: एका सप्लायरचं मोठं बिल टू-बीमध्ये दिसत नाही. क्रेडिटचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, मी काल पार्टीला काही बोललेली नाही.

बाकी माझ्याकडे आजचं काही नाही. अकराला डॉक्टरकडे जाते. एक ते दीड फोन हातात असेल, मग एकदम सहाला बघीन. मध्ये सायलेंटवर आहे. टोकनच सापडलं नाही तर आईच्या नंबरवर करा."

खाली आईचा नंबर. संपलं. ना सॉरी सर, ना हात जोडलेल्या इमोजी, ना थर्मामीटरचा फोटो.

आता त्या शहाण्याच्या प्रश्नाचं उत्तर. हो, एवढं टाईप करायला ताकद लागते. अंथरुणात पडून दहा मिनिटं. तेवढी तापातल्या माणसाला असते. घरून निघायचं, पावसात स्कूटी काढायची, सात-आठ तास खुर्चीत बसायचं आणि आकडे चुकू द्यायचे नाहीत, ही ताकद वेगळी. मला तर तापात बसून कळमन्याच्या पार्टीचं क्रेडिट टाकणारी पोरगी नकोच आहे. थ्री-बी एकदा फाईल झाली की मागे घेता येत नाही राजा. चुकलं तर पुढच्या महिन्यात निस्तरत बसा. आजारी माणसाला वीस तारखेला कॉम्प्युटरसमोर बसवणारा लीड नेमकं काय वाचवून राहिला, हे मला कोणी समजावून सांगा.

आणि गंमत बघा. याच माणसाच्या टीममधला एक पोरगा मागे "नॉट वेल, लीव्ह प्लीज" एवढं लिहून गायब झाला होता, तोही वीस तारखेलाच. फोन बंद. तेव्हा हा म्हणाला, बिचारा, फारच बरं नसेल. काय झालं त्या दिवशी? एका पार्टीचं चलान तयार होतं, पण पैसे भरलेले नव्हते, आणि ते फक्त त्या पोरालाच माहीत होतं. सगळ्यांना वाटलं ते काम झालं. दोन दिवसांनी तो परत आला तेव्हा कळलं. लेट फी दिवसाला पन्नास रुपये, तिचं कोणाला काही वाटत नाही. पण कर रोखीत भरायचा होता आणि त्यावर वर्षाला अठरा टक्क्यांनी व्याज चालू झालं होतं. तेही दोन दिवसांचं म्हणजे फार नाही. फार झालं ते हे, की पार्टीने विचारलं, "तुमच्याकडे एक माणूस आजारी पडला की माझं काम कोणाकडे असतं?" याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. पार्टी पुढच्या महिन्यात दुसरीकडे गेली.

म्हणजे दोन शब्द लिहून पळाला तो बिचारा, आणि ज्या पोरीने सगळं निस्तरून ठेवलं ती नाटकी. काहून? तर म्हणे आजारी माणूस आजारी वाटला पाहिजे. मेसेजमध्ये चुका पाहिजेत, वाक्य अर्धवट पाहिजे, जमलं तर हाताला सलाईन लावल्याचा फोटो पाहिजे. हे फोटोचं खूळ कोणी काढलं माहीत नाही, पण माझ्या टीममध्ये कोणी पाठवला तर मी न बघता डिलीट करतो. ताप किती आहे, कशाने आला, पोट बिघडलं की पाठ धरली, हे मला कळून इतवारीची थ्री-बी फाईल होणार आहे का? पोरीबाळींना तर कधीकधी कारण लिहायचंही नसतं, आणि लिहू पण नये. "बरं नाही" पुरे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्यात वर्षाला आठ पगारी नैमित्तिक रजा दिल्यात. त्या फोटो दाखवून कमवायच्या नसतात.

बरं, खोटं बोलून सुट्टी मारणारे असतात. असतात, मान्य. पुढे चला.

मला आवडलं ते तिचं हे, की तिने काम क्लायंटप्रमाणे नाही, घड्याळाप्रमाणे सांगितलं. आमचे बहुतेक लोक काय लिहितात? "सर इतवारी, बुटीबोरी आणि कळमना पेंडिंग आहे." हे वाचून मी काय करू? तिन्हींची शेवटची तारीख आजचीच आहे, ते मला झोपेत पण माहीत आहे. पण तिन्ही एकाच वेळी अडत नाहीत. इतवारीचं काम पाच मिनिटांचं, पण ते काका जेवायला गेले की ओटीपी गेला. प्रोप्रायटरचं रिटर्न ओटीपीने होतं आणि तो ओटीपी ज्याची सही चालते त्याच्याच मोबाईलवर आणि ईमेलवर जातो. माझ्याकडे लॉगिन-पासवर्ड सगळं असून उपयोग नाही, काकांनी आकडे वाचून दाखवले पाहिजेत. काका साडेबाराला जेवून झोपतात ते साडेचारला दुकानात येतात, आणि वीस तारखेला साडेचारला पोर्टलचं काय होतं ते ज्याने भोगलंय त्याला विचारा. म्हणून सोपं असून ते पहिलं. मी साडेदहाला त्यांना फोन लावला, "पोरगी कुठे आहे आज?" असं विचारून त्यांनी ओटीपी सांगितला, झालं.

बुटीबोरी उलटं. तिथे कंपनी आहे, तिला ओटीपी चालत नाही, डिजिटल सहीचं टोकनच लागतं. त्याआधी बँकेतून पैसे भरून ते पोर्टलच्या कॅश लेजरमध्ये दिसले पाहिजेत. नेट बँकिंगने भरले तर लगेच दिसतात, एनईएफटीने पाठवले तर वाट बघत बसा. म्हणजे फाईल संध्याकाळी केलं तरी चालेल, पण पैशाचा फोन सकाळीच जायला पाहिजे. तो तिने आदल्या दिवशीच लावून ठेवला होता. आठवण दिली, दुपारी बारापर्यंत पैसे आले.

आणि ते "माझ्याच कॉम्प्युटरवर चालेल" हे वाक्य. यासाठी त्या पोरीला मी उद्या चहा पाजणार आहे (येईल तेव्हा, उद्याच येईल असं नाही). हे लिहायचं कोणाला सुचत नाही, कारण आपल्याच टेबलावर बसून काम करणाऱ्याला ते दिसतच नाही. टोकन मी माझ्या लॅपटॉपला लावलं असतं. सही झाली नसती. मला वाटलं असतं टोकन खराब आहे, मग त्यांच्या अकाउंटंटला फोन, मग पिन चुकीचा टाकला का म्हणून भांडण, मग चार-पाचदा चुकीचा पिन टाकून ते टोकनच लॉक. एमसायनर नावाचं छोटं सॉफ्टवेअर त्या मशीनवर चालू नसलं की पोर्टल टोकन ओळखतच नाही, एवढी साधी गोष्ट आहे. एका ओळीने माझा दीड तास वाचला.

हेही बघा की तिने पिन मेसेजमध्ये लिहिला नाही. कोणाकडे आहे तेवढं लिहिलं. आमच्याकडे असे महाभाग आहेत जे आजारी पडले की ग्रुपवर सगळ्यांसमोर युजर आयडी-पासवर्ड टाकतात, पार्टीच्या नावासकट. तिने हे सगळं मला एकट्याला पाठवलं आणि ग्रुपवर फक्त एक ओळ टाकली, "आज मी सुट्टीवर आहे, माझं काम सरांना सांगितलंय." बरोबर आहे. ग्रुपवर वीस लोक आहेत, त्यातले अर्धे तर कोणत्या पार्टीचं काय चाललंय हेच वाचायला बसलेले असतात.

कळमन्याचं तर मला सगळ्यात जास्त आवडलं, कारण तिथे तिने काम दिलं नाही, निर्णय माझ्यावर सोडला. त्या पार्टीने माल घेतला जूनमध्ये, बिल हातात आहे, पैसे दिलेत. पण सप्लायरने आपलं विक्रीचं रिटर्न, जीएसटीआर-१, अकरा तारखेच्या आत भरलं नाही, म्हणून चौदा तारखेला पोर्टलवर तयार झालेल्या खरेदीच्या बिलांच्या यादीत, म्हणजे टू-बीमध्ये, ते बिल नाही. टू-बीमध्ये नाही तर त्या बिलावर दिलेल्या कराचं क्रेडिट या महिन्यात घेता येत नाही. सप्लायरने उशिरा भरलं की पुढच्या महिन्याच्या टू-बीत येईल, तेव्हा घ्या. नियम साधा आहे, पण पार्टीला या महिन्यात तेवढे पैसे रोखीत भरावे लागतात, आणि कळमन्याच्या माणसाला "आज इतके जास्त भरा" हे सांगणं साधं नाही. तो ओरडतो. "मागच्या माणसाने घेतलं होतं क्रेडिट, तुम्हीच काहून नाही घेत?" म्हणतो. हे बोलणं माझ्या पगारात बसतं, तिच्या नाही. तिने बरोबर ओळखलं आणि पार्टीला आधी काही बोलून ठेवलं नाही, म्हणून मी काय म्हणालो आणि ती काय म्हणाली यावरून भांडण झालं नाही. ओरडला. मग भरले.

आता फोनचं. यावर मला खरंच राग आहे, आणि तो आज हसणाऱ्यांवर नाही, आपल्या सगळ्यांवर आहे.

"फोन चालू आहे, काही लागलं तर करा." हे वाक्य प्रत्येक आजारी माणूस लिहितो, भीतीपोटी. लिहिलं नाही तर वाटेल की पळाला. मग काय होतं? जे सज्जन आहेत ते, बिचाऱ्याला कशाला त्रास द्यायचा म्हणून फोन करत नाहीत आणि अंदाजाने काहीतरी टाकून मोकळे होतात. जे सज्जन नाहीत ते दर वीस मिनिटांनी फोन करतात, स्टेपलर कुठे ठेवला हे विचारायलासुद्धा. दोन्हीकडून नुकसान. काही न लिहिता फोन बंद ठेवणं जितकं वाईट, तितकंच हे दिवसभर फोन चालू ठेवणं वाईट. त्या पोराने बंद ठेवला म्हणून पार्टी गेली, हे वर लिहिलंच आहे.

तिने लिहिलं, एक ते दीड. त्या एका ओळीने माझी अख्खी सकाळ बदलली. मला जे जे प्रश्न पडले ते मी एका कागदावर लिहून ठेवले. एकपर्यंत त्यातले बहुतेक माझे मलाच सुटले, कारण फाईल उघडून बघायला वेळ होता. राहिला एक. बुटीबोरीच्या चलानात रोखीची रक्कम मला जास्त वाटत होती, क्रेडिट तर भरपूर शिल्लक होतं. एक वाजून पाच मिनिटांनी लिहिलं, "रोख इतकी का?" उत्तर आलं, "ट्रान्सपोर्टचा आरसीएम आहे सर, शीट दोन." बस. गाडीभाड्यावरचा रिव्हर्स चार्ज, म्हणजे भाडं देणाऱ्यानेच भरायचा कर, क्रेडिटमधून वळता होत नाही, रोखीतच भरावा लागतो. आणि दुसऱ्या शीटवर भाड्याच्या पावत्या एकाखाली एक लावलेल्या होत्या. अख्ख्या दिवसात मी तिला एवढंच विचारलं.

वेळही बघा कुठली निवडली. सकाळी आठची दिली असती तर मला काही प्रश्नच पडलेले नसते. रात्री आठची दिली असती तर उत्तर मिळून उपयोग काय, पोर्टल तोवर गोल गोल फिरून राहिलं असतं. दुपारी एकला प्रश्न तयार असतात आणि दुरुस्तीला अर्धा दिवस असतो. डॉक्टरकडून येऊन, दोन घास खाऊन, गोळी घेऊन झोपायच्या आधीची पण तीच वेळ. आणि आईचा नंबर दिला तो पण "काही लागलं तर" म्हणून नाही, टोकन सापडलं नाही तरच. सापडलं. आईला कोणी त्रास दिला नाही.

माझी बायको आता मागून वाचून म्हणते, एकशे तीन ताप असला तर कोणाला सुचतं एवढं? बरोबर आहे, नाही सुचत. तेव्हा "बरं नाही, काम शीटमध्ये आहे" एवढं आईने लिहिलं तरी मला चालतं. पण त्यासाठी शीट पाहिजे ना. ही पोरगी रोज निघताना तिच्या शीटमध्ये प्रत्येक पार्टीपुढे एक ओळ लिहून जाते: चलान झालं की नाही, ओटीपी कोणाकडे, कुठे अडलं. सगळे तिला चिडवतात, डायरी लिहून राहिली म्हणून. आज सकाळी तिने तीच ओळ उचलून मला पाठवली असणार, वर फक्त वेळा टाकल्या. म्हणून दहा मिनिटांत झालं. नाहीतर तापात कोण आठवत बसतं की टोकन कपाटात आहे की ड्रॉवरमध्ये.

थोडं लीड लोकांना पण सांगतो, कारण निम्मी चूक आपली असते. असा मेसेज आला की त्यावर "ओके" लिहून गप्प बसू नका. ओके म्हणजे वाचलं की मंजूर केलं की रागावले, तिकडे पडलेल्या माणसाला काही कळत नाही आणि ती दर पाच मिनिटांनी फोन उघडून बघते. मी लिहिलं, "तिन्ही मी घेतो. पहिला इतवारी. एकला एखादा प्रश्न विचारीन. झोप." तिचा अंगठा आला आणि मग एकपर्यंत ती ऑनलाईन दिसली नाही. बरं वाटलं. सहाला तिने विचारायच्या आधीच मी तिन्हींच्या एआरएनचे, म्हणजे पोर्टलच्या पोचपावती नंबरांचे, स्क्रीनशॉट टाकून ठेवले होते, म्हणजे तिला "झालं का सर" विचारावं लागू नये. तिने फक्त "थँक्यू सर, ताप उतरतोय" लिहिलं. तापाबद्दल दिवसभरात तेवढंच बोलली, आणि तेही मी न विचारता.

शेजारच्या लीडबद्दल आता राग थोडा कमी झालाय. त्याच्याकडे पण आज कामं तुंबली होती आणि त्याचे दोन जण आले नव्हते. त्यांनी काय लिहिलं होतं ते विचारलं नाही मी. त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण तरी ते वाक्य चुकीचंच होतं. पोरगी उद्या-परवा आली की कोणीतरी तिला सांगणारच, की तुझ्या मेसेजवर काय हसले सगळे. मग पुढच्या वेळी ती पण लिहील, नॉट वेल, लीव्ह प्लीज. आणि मग मी वीस तारखेला तिचं कपाट उपसत बसीन. म्हणून हे ती यायच्या आधी इथे लिहून ठेवतो.

एक राहिलं. माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आमच्याच चार-पाच पार्ट्या आहेत, वाचत असाल तर ऐका. तिने मला सांगितलं म्हणून तुमचे फोन थांबत नाहीत, कारण तुमच्याकडे तिचा पर्सनल नंबर आहे. आज दुपारी तुमच्यापैकी दोघांनी तिला लावलाच होता, मला कळलंय. उद्या लावू नका, मला लावा. आणि तिमाहीवाल्यांनो, आपली तारीख बावीस आहे, चोवीस नाही, चोवीस दुसऱ्या राज्यांची. जूनची बिलं ज्यांची यायची आहेत त्यांनी उद्या अकराच्या आत पाठवा, फोटो सरळ काढा, आणि ज्यांचा ओटीपी मुलाच्या मोबाईलवर जातो त्यांनी मुलगा उद्या-परवा गावात आहे का ते आत्ताच विचारून ठेवा.